हॅझर्ड रेशो कसा वाचावा? : मुंबईतील मुखकर्करोग चाचणीच्या आधारे समानुपाती धोका-दर प्रतिमानाचे विवेचन

सारांश

रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या वैद्यकीय अभ्यासांचे निष्कर्ष बहुधा ‘हॅझर्ड रेशो’ या एका संख्येत मांडले जातात. या संख्येचा अर्थ मृत्यूंच्या टक्केवारीतील घट किंवा आयुष्यातील वाढ असा लावला जातो. तो बरोबर नाही. प्रस्तुत लेखात परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयात झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुखकर्करोग चाचणीतील ०.६४ हा हॅझर्ड रेशो उदाहरणादाखल घेतला आहे. ही संख्या कशी निर्माण होते, ती काय सांगते, तिच्यासोबत कोणत्या गोष्टी वाचणे आवश्यक आहे आणि कोणत्या परिस्थितीत ती दिशाभूल करते, याचे विवेचन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : धोका-दर, हॅझर्ड रेशो, कॉक्स प्रतिमान, खंडित निरीक्षण, विश्वास-अंतराल, मुखकर्करोग.

१. प्रस्तावना

तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण प्राथमिक अवस्थेत शस्त्रक्रियेसाठी येतो. गाठ लहान आहे, मानेतील लसिकाग्रंथी हाताला लागत नाहीत. अशा वेळी तोंडातील गाठ काढताना मानेतील ग्रंथीही त्याच बैठकीत काढाव्यात, की थांबावे, रुग्णास नियमित तपासत राहावे आणि ग्रंथीत रोग दिसला तरच मानेची शस्त्रक्रिया करावी, हा प्रश्न शल्यचिकित्सकांमध्ये अनेक दशके वादाचा होता. पहिल्या मार्गाने गेल्यास ज्यांना गरज नव्हती अशा अनेकांच्या मानेवर शस्त्रक्रिया होते आणि तिचे दुष्परिणाम त्यांना सोसावे लागतात. दुसऱ्या मार्गाने गेल्यास काहींचा रोग हाताबाहेर जाण्याची भीती असते.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्णांची यादृच्छिक चाचणी केली. त्यांपैकी पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २४५ रुग्णांच्या मानेची शस्त्रक्रिया सुरुवातीलाच झाली. या गटास आपण ‘तत्काळ गट’ म्हणू. २५५ रुग्णांच्या बाबतीत थांबण्याचे धोरण ठेवले. तो ‘प्रतीक्षा गट’. मागोव्याच्या काळाचा मध्यक ३९ महिने होता. तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण तत्काळ गटात ८०.० टक्के, तर प्रतीक्षा गटात ६७.५ टक्के आढळले. मृत्यूचा हॅझर्ड रेशो ०.६४ आणि त्याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल ०.४५ ते ०.९२ असा नोंदविला गेला.

या वाक्यातील ०.६४ ही संख्या हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ‘मृत्यू ३६ टक्क्यांनी घटले’ असा तिचा सरसकट अर्थ लावला जातो. तो का अपुरा आहे, हे समजण्यासाठी प्रथम ही संख्या कोणत्या सामग्रीतून येते ते पाहिले पाहिजे.

२. अपुरी राहिलेली निरीक्षणे

सदर ५०० रुग्णांपैकी विश्लेषणाच्या वेळेपर्यंत तत्काळ गटात ५० आणि प्रतीक्षा गटात ७९, असे एकूण १२९ मृत्यू झाले होते. उरलेले ३७१ रुग्ण शेवटच्या नोंदीच्या वेळी जिवंत होते. म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश रुग्णांच्या बाबतीत ‘किती काळ जगले’ या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आपल्याजवळ नाही. ‘किमान इतका काळ जगले’ एवढेच ठाऊक आहे. शिवाय रुग्णांची भरती दहा वर्षे चालू होती, त्यामुळे कोणाचा मागोवा अनेक वर्षांचा, तर कोणाचा काही महिन्यांचाच. अशा निरीक्षणास खंडित निरीक्षण म्हणतात.

खंडित निरीक्षणे वगळली, तर उरतात ते केवळ मृत झालेले रुग्ण, आणि त्यांच्या आयुष्याची सरासरी काढणे निरर्थक ठरते. सर्वांना एकाच मापाने ‘जिवंत’ धरले, तर सहा महिने पाहिलेला आणि सहा वर्षे पाहिलेला रुग्ण सारखाच मानला जातो. यांतून वाट काढणारी पद्धत म्हणजे प्रत्येक रुग्णाकडून, तो जितका काळ नजरेसमोर होता तितक्या काळापुरतीच माहिती घेणे. १९५८ मध्ये कॅप्लान व मायर यांनी मांडलेला अतिजीविता-वक्र याच तत्त्वावर उभा आहे. वर दिलेले ८०.० व ६७.५ हे आकडे मृत्यूंच्या साध्या भागाकारातून आलेले नाहीत. ते याच प्रकारच्या गणनेतून येतात.

मात्र या पद्धतीमागे एक अट दडलेली आहे. रुग्ण नजरेआड होण्याचे कारण त्याच्या प्रकृतीशी निगडित नसावे. खारदांड्याच्या कोळीवाड्यातील रुग्ण लोकलने परळला जाऊन तपासणी उरकून त्याच दिवशी घरी परत येऊ शकतो. बिहारमधून किंवा बंगालमधून आलेल्या रुग्णास त्याच तपासणीसाठी दोन दिवसांचा प्रवास करावा लागतो. केवळ अंतरामुळे तो येईनासा झाला, आणि असे दोन्ही गटांत सारखेच घडले, तर तुलनेस फारशी बाधा येत नाही. परंतु प्रकृती ढासळल्यामुळे तो गावीच राहिला असेल आणि आपण त्यास ‘शेवटच्या तपासणीपर्यंत जिवंत’ असे नोंदवून सोडून दिले असेल, तर वक्र वास्तवापेक्षा चांगला दिसू लागतो. म्हणून कोणताही मागोवा-अभ्यास वाचताना किती रुग्ण संपर्काबाहेर गेले आणि ते दोन्ही गटांत सारख्या प्रमाणात गेले काय, हे आधी पाहावे.

३. धोका-दर म्हणजे काय?

धोका-दर ही संकल्पना एका परिचित दृश्यावरून स्पष्ट करता येईल. पहाटे खारदांड्याच्या किनाऱ्यावरून वीस होड्या समुद्रात गेल्या आहेत, अशी कल्पना करू. होडी किनाऱ्यास परत लागणे ही आपली ‘घटना’. नऊ वाजेपर्यंत दहा होड्या परतल्या आणि नऊ ते दहा या तासात आणखी पाच आल्या. एकूण होड्यांच्या हिशेबाने ही पाव संख्या झाली. परंतु नऊ वाजता समुद्रात दहाच होड्या उरल्या होत्या. त्या तासात परतणे केवळ त्यांनाच शक्य होते. त्यांच्यापैकी निम्म्या परतल्या. धोका-दराचा छेद हा असा असतो : त्या क्षणापर्यंत ज्यांच्या बाबतीत घटना घडलेली नाही आणि जे अद्याप नजरेसमोर आहेत, तेवढेच.

रुग्णांच्या संदर्भात सांगायचे तर, एखाद्या महिन्याच्या आरंभी जे जिवंत आहेत व मागोव्यात आहेत त्यांचा समूह म्हणजे त्या वेळचा जोखीम-गट. कालखंड अधिकाधिक लहान करत नेला असता या गटातील मृत्यूंचे एकक काळातील प्रमाण ज्या मूल्याकडे झुकते, तो त्या क्षणीचा धोका-दर. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात तो अधिक असू शकेल, चौथ्या वर्षात कमी. तो काळानुसार बदलतो, आणि हा बदल नेमका कसा आहे हे सहसा आपणास ठाऊक नसते.

४. कॉक्स यांची युक्ती

सर डेव्हिड कॉक्स यांनी १९७२ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात मांडलेल्या प्रतिमानाचे सामर्थ्य हेच, की धोका-दराचा हा अज्ञात आकार माहीत नसतानाही दोन गटांची तुलना करता येते. प्रतिमान असे :

h(t) = h₀(t) × e^(βx)

येथे h₀(t) हा प्रतीक्षा गटाचा धोका-दर. तो काळानुसार कसाही चढो वा उतरो. x ची किंमत प्रतीक्षा गटासाठी ० आणि तत्काळ गटासाठी १. त्यामुळे तत्काळ गटाचा धोका-दर हा कोणत्याही क्षणी प्रतीक्षा गटाच्या e^β पट असतो. ही पट म्हणजेच हॅझर्ड रेशो. दोन्ही दर बदलत राहिले तरी त्यांचे परस्परांशी प्रमाण स्थिर राहते, हे गृहीतक असल्यामुळे प्रतिमानास ‘समानुपाती’ असे म्हणतात.

h₀(t) ठाऊक नसता e^β कसा काढायचा, हे सहा रुग्णांच्या एका कल्पित उदाहरणावरून पाहू. प्रतीक्षा गटातील तिघांपैकी एक सहाव्या व एक विसाव्या महिन्यात मरण पावला, तर एक चौदाव्या महिन्यानंतर संपर्काबाहेर गेला. तत्काळ गटातील तिघांपैकी एक दहाव्या महिन्यात मरण पावला. उरलेले दोघे अनुक्रमे ३० व ३६ महिन्यांपर्यंत जिवंत होते. हॅझर्ड रेशोस θ म्हणू.

प्रत्येक मृत्यूच्या वेळी एकच प्रश्न विचारावयाचा : या क्षणी जोखीम-गटातील कोणी तरी एक मरण पावणार हे धरून चालल्यास, तो प्रत्यक्षात मरण पावलेलाच रुग्ण असण्याची संभाव्यता किती? सहाव्या महिन्यात दोन्ही गटांतील तिघे-तिघे उपस्थित आहेत. प्रतीक्षा गटातील प्रत्येकाचे ‘वजन’ १ आणि तत्काळ गटातील प्रत्येकाचे θ. मृत्यू प्रतीक्षा गटातील एकाचा झाला, म्हणून संभाव्यता 1/(3θ+3). दहाव्या महिन्यात तत्काळ गटाचे तीन व प्रतीक्षा गटाचे दोन उरले होते आणि मृत्यू तत्काळ गटात झाला, संभाव्यता θ/(3θ+2). चौदाव्या महिन्यात नजरेआड झालेला रुग्ण स्वतंत्र पद देत नाही. तो पहिल्या दोन छेदांत होता, आता निघून गेला, एवढेच. विसाव्या महिन्यात तत्काळ गटाचे दोन व प्रतीक्षा गटाचा एक उरला आणि तोच मरण पावला; संभाव्यता 1/(2θ+1).

h₀(t) प्रत्येक अपूर्णांकाच्या अंशात व छेदात सारखाच असल्यामुळे तो नाहीसा झाला आहे. या तीन संभाव्यतांचा गुणाकार म्हणजे कॉक्स यांची आंशिक संभाविता. θ = १ घेतल्यास तिची किंमत सुमारे ०.०१११ येते, θ = ०.५ साठी ०.०१५९, θ = ०.२ साठी ०.०१५३, आणि θ = ०.३४ च्या आसपास ती ०.०१६७ एवढी सर्वाधिक होते. म्हणून या सामग्रीतून मिळणारा हॅझर्ड रेशो सुमारे ०.३४. आर या मुक्त संगणक-प्रणालीत वाचकांना हे पडताळून पाहता येईल :

```
library(survival)
mahine <- c(6, 10, 14, 20, 30, 36)
mrutyu <- c(1, 1, 0, 1, 0, 0)
tatkal <- c(0, 1, 0, 0, 1, 1)
m <- coxph(Surv(mahine, mrutyu) ~ tatkal)
summary(m)
```

उत्तरातील `exp(coef)` या स्तंभात हॅझर्ड रेशो आणि `lower .95` व `upper .95` या स्तंभांत विश्वास-अंतराल मिळतो. या उदाहरणात तो सुमारे ०.०३ ते ३.८५ इतका प्रचंड रुंद आहे. तीन मृत्यूंवरून याहून अधिक नेमके काही सांगता येणार नाही, हे योग्यच होय.

या गणनेतून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. गणनेत मृत्यू महिन्यांच्या कोणत्या अंतराने झाले हे कोठेच आले नाही. आला तो केवळ त्यांचा क्रम आणि त्या त्या वेळचा जोखीम-गट. म्हणून हॅझर्ड रेशो ‘किती महिने अधिक’ या प्रश्नाचे उत्तर स्वतःहून देऊ शकत नाही.

५. ०.६४ चा अर्थ

आता टाटा रुग्णालयाच्या चाचणीकडे वळू. तेथील ०.६४ चा नेमका अर्थ असा : मागोव्याच्या कोणत्याही क्षणी, तोपर्यंत जिवंत असलेल्या रुग्णांमध्ये, तत्काळ गटातील मृत्यूचा दर प्रतीक्षा गटातील दराच्या ०.६४ पट होता. याच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. दोन्ही गटांतून एकेक रुग्ण घेतला, तर त्यांच्यापैकी तत्काळ गटातील रुग्ण आधी मरण पावण्याची शक्यता ०.६४ भागिले १.६४, म्हणजे सुमारे ३९ टक्के, आणि प्रतीक्षा गटातील रुग्ण आधी मरण पावण्याची ६१ टक्के. अर्थात हे समानुपाताचे गृहीतक संपूर्ण काळ खरे राहिल्यासच.

‘मृत्यू ३६ टक्क्यांनी घटले’ या वाचनात दराचा आणि एकूण संख्येचा घोटाळा होतो. समानुपात खरा असेल तर दोन गटांच्या अतिजीवितेत S₁ = S₀^HR हे नाते असते. म्हणजे एका गटाची अतिजीविता दुसऱ्या गटाच्या अतिजीवितेचा हॅझर्ड रेशोएवढा घात असते. ०.६४ हाच हॅझर्ड रेशो कायम ठेवून तीन निरनिराळ्या पायाभूत परिस्थिती पाहू. त्यांपैकी मधली ओळ प्रस्तुत चाचणीतील प्रतीक्षा गटाची आहे. वरची व खालची कल्पित आहे.

| उपचाराविना अतिजीविता | ०.६४ नुसार अतिजीविता | अतिजीवितेतील वाढ | मृत्यूंतील सापेक्ष घट |
|---|---|---|---|
| ९५ टक्के | ९६.८ टक्के | १.८ | ३५ टक्के |
| ६७.५ टक्के | ७७.८ टक्के | १०.३ | ३२ टक्के |
| १० टक्के | २२.९ टक्के | १२.९ | १४ टक्के |

मृत्यू विरळ असतील तेव्हा ‘३६ टक्के घट’ हे वाचन जवळपास बरोबर येते. मागोवा लांबत जातो, मृत्यू वाढत जातात, तसतशी एकूण मृत्यूंतील सापेक्ष घट कमी होत जाते. हॅझर्ड रेशो मात्र तोच राहतो. रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो तो तिसरा स्तंभ. पहिल्या ओळीतील रुग्णांपैकी एकाचा मृत्यू टाळण्यासाठी पन्नासहून अधिक जणांवर शस्त्रक्रिया करावी लागेल. मधल्या ओळीत सुमारे दहा जणांवर. त्यामुळे पायाभूत अतिजीविता न सांगता केवळ हॅझर्ड रेशो सांगणे म्हणजे सवलतीची टक्केवारी सांगून मूळ किंमत दडवून ठेवण्यासारखे आहे.

येथे चौकस वाचकास एक विसंगती जाणवेल. सूत्राने ७७.८ टक्के येतात, तर चाचणीत प्रत्यक्ष ८०.० टक्के नोंदविले आहेत. यात चूक कोणाचीच नाही. ८०.० हा आकडा तिसऱ्या वर्षाच्या एका बिंदूवर थेट वक्रावरून घेतलेला आहे, तर ०.६४ ही संपूर्ण मागोव्यातील सर्व मृत्यूंवरून निघालेली एकत्रित पट आहे. शिवाय ८०.० चा स्वतःचा विश्वास-अंतराल ७४.१ ते ८५.८ असा आहे आणि ७७.८ त्यात सहज बसतो. प्रत्यक्ष आकड्यांनुसार फरक १२.५ टक्के-अंशांचा, म्हणजे दर आठ रुग्णांमागे तीन वर्षांत एक मृत्यू टळला, असा होतो.

‘आयुष्य ३६ टक्क्यांनी वाढले’ हे दुसरे चुकीचे वाचन. धोका-दर काळानुसार अजिबात बदलत नसेल तरच हॅझर्ड रेशोच्या व्यस्तावरून मध्यक आयुष्याची तुलना करता येते, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांत तशी स्थिरता गृहीत धरण्यास आधार नसतो. या चाचणीत तर तीन वर्षांनी दोन्ही गटांतील निम्म्याहून अधिक रुग्ण जिवंत होते. म्हणजे त्या टप्प्यावर मध्यक आयुष्य मोजताच येत नव्हते.

६. घटना कोणती?

हॅझर्ड रेशो नेहमी कोणत्या तरी विशिष्ट घटनेचा असतो. याच चाचणीत रोगमुक्त अतिजीविताही मोजली होती. तिच्यात रोग उलटणे किंवा मृत्यू, यांपैकी जे आधी घडेल ती घटना. तीन वर्षांनी तिचे प्रमाण तत्काळ गटात ६९.५ टक्के आणि प्रतीक्षा गटात ४५.९ टक्के होते. मृत्यूच्या तुलनेपेक्षा हा फरक कितीतरी मोठा आहे.

परंतु तो मोठा असणे काही अंशी चाचणीच्या रचनेतच अंतर्भूत होते. तत्काळ गटातील रुग्णांच्या मानेतील ग्रंथी आधीच काढलेल्या होत्या. प्रतीक्षा गटात ग्रंथीत दडलेला रोग पुढे दिसू लागला की तो ‘रोग उलटला’ म्हणून मोजला जाई, आणि त्यानंतरच शस्त्रक्रिया करावयाची हे तर त्या गटाचे धोरणच होते. खरा प्रश्न होता तो, अशी उशिरा केलेली शस्त्रक्रिया रुग्णास वाचवू शकते काय, हा. ती नेहमीच वाचवू शकली असती, तर रोग उलटण्याच्या प्रमाणात फरक दिसूनही मृत्यूच्या प्रमाणात दिसला नसता. तो मृत्यूतही दिसला. म्हणून या चाचणीने वादास निर्णायक वळण दिले. एकाच अभ्यासात निरनिराळे हॅझर्ड रेशो आढळल्यास त्यांतील सर्वांत प्रभावी दिसणारा न उचलता, ज्याची घटना मूळ प्रश्नाशी थेट भिडते तो वाचावा, हा यातून मिळणारा बोध.

७. विश्वास-अंतराल आणि मृत्यूंची संख्या

०.६४ सोबत ०.४५ ते ०.९२ हा अंतराल वाचलाच पाहिजे. सामग्री मृत्यूच्या दरातील ५५ टक्क्यांच्या घटीशी जशी सुसंगत आहे, तशीच केवळ ८ टक्क्यांच्या घटीशीही. अंतरालात १ येत नाही, म्हणून फरक यदृच्छेने आला असावा असे मानणे कठीण. परंतु फरक नेमका केवढा, याबद्दलची अनिश्चितता मोठी आहे.

ही रुंदी रुग्णांच्या संख्येवर नव्हे, तर मृत्यूंच्या संख्येवर ठरते, हे वाचकास स्वतः पडताळता येते. दोन गट साधारण समान असतील तर हॅझर्ड रेशोच्या नैसर्गिक लॉगरिदमची प्रमाण त्रुटी सुमारे २ भागिले मृत्यूसंख्येचे वर्गमूळ इतकी असते. १२९ चे वर्गमूळ ११.३६, म्हणून त्रुटी ०.१७६. तिला १.९६ ने गुणून येणारे ०.३४५ हे ०.६४ च्या लॉगरिदमपासून दोन्ही बाजूंना मोजले, तर अंतराल ०.४५ ते ०.९० येतो. प्रसिद्ध झालेला अंतराल जवळपास हाच आहे. ज्या लेखात रुग्ण हजार आणि मृत्यू मात्र वीस आहेत, तेथील हॅझर्ड रेशो कितीही आकर्षक असला तरी तो सैल आहे, हे या ढोबळ हिशेबावरून चटकन ओळखता येते.

अंतरालात १ येतो तेव्हाही काळजीने वाचावे लागते. टाटा स्मारक रुग्णालयातीलच डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी, निदानाच्या वेळीच शरीरात अन्यत्र पसरलेल्या स्तनकर्करोगात मूळ गाठ व काखेतील ग्रंथी यांवर उपचार केल्याने आयुष्य वाढते काय, याची ३५० स्त्रियांमध्ये चाचणी केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षात मृत्यूचा हॅझर्ड रेशो १.०४ आणि अंतराल ०.८१ ते १.३४ होता. ‘दोन्ही मार्ग तंतोतंत सारखे ठरले’ असे हे वाक्य म्हणत नाही. लाभ झालाच तर तो दरातील सुमारे १९ टक्के घटीहून मोठा असण्याची शक्यता कमी, आणि हानीची शक्यताही पूर्णतः फेटाळता येत नाही, एवढेच ते सांगते. शस्त्रक्रियेचा सरसकट अवलंब करू नये असे ठरविण्यास मात्र तेवढे पुरेसे होते.

८. समानुपात मोडतो तेव्हा

आतापर्यंतचे सर्व विवेचन दोन दरांचे प्रमाण स्थिर असते या गृहीतकावर उभे आहे. ते मोडल्यास काय होते याचे बोलके उदाहरण २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयपास’ या चाचणीत मिळते. पूर्व आशियातील १,२१७ फुफ्फुसकर्करोगी रुग्णांत गेफिटिनिब ही गोळी आणि प्रचलित रसायनोपचार यांची ही तुलना होती. रोग वाढणे किंवा मृत्यू या घटनेचा हॅझर्ड रेशो ०.७४ आला आणि तो गोळीच्या बाजूने होता. परंतु वक्र पाहिल्यास पहिले सहा महिने रसायनोपचाराचा गट वरचढ दिसतो, त्यानंतर वक्र एकमेकांस छेदतात आणि गोळीचा गट वर जातो. ०.७४ ही पट कोणत्याच एका क्षणास नीट लागू पडत नाही.

छेदणाऱ्या वक्रांमागील कारणही त्याच चाचणीत सापडले. ज्यांच्या गाठीत ईजीएफआर या जनुकातील विशिष्ट बदल होता, त्यांच्यात हॅझर्ड रेशो ०.४८ होता, ज्यांच्यात तो बदल नव्हता, त्यांच्यात २.८५. एकास मोठा लाभ आणि दुसऱ्यास मोठी हानी यांची सरासरी ०.७४ या सौम्य संख्येत लपली होती.

म्हणून हॅझर्ड रेशो वाचण्यापूर्वी वक्रांची आकृती पाहावी. वक्र एकमेकांस छेदत असतील, आरंभी एकत्र चालून नंतर फाकत असतील, किंवा फाकून पुन्हा जवळ येत असतील, तर सावध व्हावे. औपचारिक तपासणीसाठी शोनफेल्ड अवशेषांचा काळाशी असलेला संबंध पाहतात. आर प्रणालीत `cox.zph(m)` ही आज्ञा ते काम करते. मात्र मृत्यू थोडे असतील तर ही कसोटी समानुपात मोडलेला असूनही गप्प राहते, म्हणून तिच्या मौनास पुरावा मानू नये. तसेच आकृतीचे उजवे टोक फार गांभीर्याने घेऊ नये. तेथे जोखीम-गटात मोजकेच रुग्ण उरलेले असतात आणि एका मृत्यूनेही वक्र मोठी पायरी उतरतो. आकृतीखाली प्रत्येक टप्प्यावर किती रुग्ण उरले हे छापलेले असते, ते याचसाठी.

समानुपात मोडला असेल तर ठरावीक कालावधीपर्यंतच्या वक्राखालील क्षेत्रफळांची तुलना करणे हा एक सरळ पर्याय आहे. उदाहरणार्थ, पहिल्या तीन वर्षांपैकी सरासरी किती महिने रुग्ण जिवंत राहिले, हे त्यातून महिन्यांच्या भाषेत सांगता येते. ‘पहिल्या वर्षाचा’ आणि ‘दुसऱ्या वर्षाचा’ असे वेगवेगळे हॅझर्ड रेशो देण्याची पद्धतही आहे. परंतु दुसऱ्या वर्षाच्या तुलनेत पहिले वर्ष पार केलेलेच रुग्ण येतात, आणि उपचारांचा परिणाम भिन्न असेल तर दोन गटांतील हे उरलेले रुग्ण मूळ यादृच्छिक वाटणीइतके सारखे राहिलेले नसतात.

९. समारोप

उपरोक्त विवेचनानुसार टाटा रुग्णालयाच्या चाचणीचा निष्कर्ष पूर्णपणे सांगायचा झाल्यास तो असा सांगावा लागेल : प्राथमिक अवस्थेतील, मानेत ग्रंथी न लागणाऱ्या मुखकर्करोगात सुरुवातीलाच मानेची शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांचा मृत्युदर, मागोव्यातील कोणत्याही टप्प्यावर जिवंत असलेल्यांमध्ये मोजला असता, थांबलेल्या रुग्णांच्या सुमारे ०.६४ पट होता. ही पट ०.४५ इतकी कमी किंवा ०.९२ इतकी अधिक असू शकते. तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण ६७.५ वरून ८०.० टक्के झाले. आणि हे अनुमान ५०० रुग्णांतील १२९ मृत्यूंवर आधारलेले आहे. यांतील पहिले विधान गुणोत्तराचे, दुसरे अनिश्चिततेचे, तिसरे रुग्णास उमजणाऱ्या लाभाचे आणि चौथे पुराव्याच्या वजनाचे. एखाद्या शोधनिबंधात किंवा वृत्तपत्रीय बातमीत यांपैकी पहिलेच विधान दिलेले असेल, तर उरलेली तीन मूळ लेखातून शोधून काढल्याशिवाय त्या संख्येवर मत बनवू नये.